बुडालेली उधारी खात्यातून काढताना

मार्च उजाडला की घाऊक व्यापाऱ्यांच्या पेढ्यांवर एक यादी फिरू लागते. ज्यांच्याकडून आता पैसे येण्याची आशा उरलेली नाही, अशा पार्ट्यांची ती यादी असते. कुणाचे दुकान बंद पडलेले असते, कुणी गाव सोडलेले असते, कुणी फोनच उचलत नाही. ३१ मार्चच्या आत ही बाकी खात्यातून काढली तर ताळेबंद खरा दिसेल आणि आयकरात वजावटही मिळेल, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. पूर्वी हे काम सरळ होते. दिवाणजी खतावणीत एक जमाखर्ची नोंद घालत, आणि तीच पार्टी पुढे कधी दारात आली तर तिला ओळखत. आता ऑर्डर मोबाइलवरच्या अ‍ॅपमधून येते, उधारीची मर्यादा सॉफ्टवेअर तपासते आणि माल गोदामाबाहेर पडेपर्यंत अनेकदा एकही जाणता माणूस त्या पार्टीचे नाव वाचत नाही. त्यामुळे बुडीत येणे काढण्याची नोंद आता नुसती हिशेबाची राहिलेली नाही. उद्या कुणाला उधारीवर माल जाणार, हेही तीच ठरवते.

हे कसे होते ते आधी पाहू. ऑर्डर स्वीकारताना सॉफ्टवेअर एक साधी वजाबाकी करते. पार्टीला ठरवून दिलेल्या मर्यादेतून तिची न भरलेली बिले वजा करायची, पाठवायच्या राहिलेल्या ऑर्डरींची रक्कमही वजा करायची. जे उरेल त्याहून नवी ऑर्डर मोठी असेल तर ती ‘होल्ड’वर जाते, नाहीतर पुढे सरकते. या वजाबाकीत ‘न भरलेली बिले’ हा आकडा महत्त्वाचा. बिल पैसे येऊन मिटले की बुडाले म्हणून मिटवले, हे ती वजाबाकी विचारत नाही. दोन्ही वेळा बाकी शून्य होते आणि पूर्ण मर्यादा पुन्हा मोकळी होते. म्हणजे ज्याने पैसे बुडवले त्याच्यासाठीच, बुडवल्याची नोंद झाल्याच्या क्षणी, उधारीचे दार सताड उघडते. बुडीत येणे काढण्याच्या साऱ्या पद्धतीत मला हीच गोष्ट सर्वांत धोक्याची वाटते, आणि पुढचे सगळे लेखन तिच्याभोवतीच आहे.

एक उदाहरण घेऊन पायरीपायरीने जाऊ. समजा, सांगलीत प्लंबिंगच्या साहित्याचा एक घाऊक विक्रेता आहे. तालुक्याच्या गावातला एक हार्डवेअरवाला त्याच्याकडून माल उचलतो. मर्यादा अडीच लाख, मुदत ४५ दिवसांची. २०२४ साली ऑगस्ट, सप्टेंबर आणि ऑक्टोबरमध्ये त्याला तीन बिले झाली: १,१८,००० रुपये, ५९,००० रुपये आणि ३५,४०० रुपये. प्रत्येकात १८ टक्के जीएसटी धरलेला आहे. एकूण २,१२,४०० रुपये. त्यानंतर दुकान हळूहळू थंडावले आणि पुढच्या वर्षी बंदच झाले. मार्च २०२६ मध्ये हे नाव यादीवर आले.

पहिला प्रश्न असा की नक्की किती बुडाले? सॉफ्टवेअर २,१२,४०० दाखवते, पण तो आकडा तसाच उचलायचा नाही. हिशेबनीसाने खाते उघडून बिलवार पाहिले तर बहुधा काही ना काही सापडते. इथे तीन गोष्टी सापडल्या. डिसेंबरात पार्टीने यूपीआयने २०,००० रुपये पाठवले होते. ते कुठल्या बिलापोटी हे कुणी विचारले नाही, म्हणून ते ‘ऑन अकाऊंट’ पडून राहिले. नोव्हेंबरात फुटक्या जोडण्यांचा एक खोका परत आला होता. त्याची किंमत करासह ११,८०० रुपये. गोदामात तो उतरवून घेतल्याची सही आहे, पण क्रेडिट नोट कधी केलीच नाही. आणि खाते उघडताना पार्टीने २५,००० रुपये अनामत दिली होती. ती ताळेबंदात देण्याच्या बाजूला वेगळ्याच शीर्षाखाली बसली आहे, त्यामुळे पार्टीच्या खात्यात ती दिसत नाही. तिन्ही वजा केल्यावर उरतात १,५५,६०० रुपये. बुडीत धरायची रक्कम ही.

परत आलेल्या खोक्याच्या बाबतीत उशिराची किंमत किती, तेही इथेच कळते. परत आलेल्या मालाची क्रेडिट नोट करून भरलेला जीएसटी कमी करून घेता येतो, पण त्याला मुदत आहे. ज्या आर्थिक वर्षात विक्री झाली ते वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा त्याआधी वार्षिक विवरणपत्र भरले असेल तर त्या तारखेपर्यंत. २०२४-२५ मधल्या विक्रीसाठी ती मुदत ३० नोव्हेंबर २०२५ लाच संपली. मार्च २०२६ मध्ये पार्टीच्या खात्यात ११,८०० जमा द्यायचे ते द्यायचेच, कारण माल खरोखर परत आला आहे. पण त्यातल्या १,८०० रुपयांचा कर आता विक्रेत्याला वळता करून घेता येणार नाही. वर्षातून एकदाच मार्चमध्ये जुनी खाती उघडण्याची सवय अशी महाग पडते. ज्या बिलांना १८० दिवस उलटले त्यांची बिलवार तपासणी दिवाळीनंतर लगेच केली तर नोव्हेंबरची मुदत हाती राहते.

आता नोंद. बुडीत येणे काढण्याची नोंद दोन ओळींची असते: ‘बुडीत येणे’ हे खर्चाचे खाते नावे, पार्टीचे खाते जमा. पार्टीच्या बाजूला ती रक्कम बिलवार लावायची, म्हणजे कुठल्या बिलाचे किती बुडाले हे नंतरही वाचता येते. काम एवढेच असले तरी प्रत्यक्षात ते भलत्याच मार्गांनी उरकलेले दिसते, कारण खर्चाच्या खात्यात नोंद करायला मालकाची परवानगी लागते आणि बाकीच्या मार्गांना लागत नाही.

सर्वांत रुळलेला भलता मार्ग म्हणजे क्रेडिट नोट. बिलाएवढी क्रेडिट नोट काढली की बिल मिटते, शिवाय जीएसटीही कमी होतो असे वाटते. कायद्याला हे मान्य नाही. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे क्रेडिट नोट करायची ती बिलात किंमत किंवा कर जास्त लागला असेल, माल परत आला असेल किंवा दिलेल्या मालात वा सेवेत उणीव असेल तर. पार्टीने पैसे दिले नाहीत हे कारण त्यात बसत नाही. ब्रिटनमध्ये ठरावीक अटींवर सहा महिने थकलेल्या बिलावरचा व्हॅट परत मागता येतो, पण आपल्याकडे जीएसटीत तशी सोय नाही. माल गेला, कर भरला, तो गेला. लहान व्यापाऱ्याच्या दृष्टीने हा नियम कठोर आहे आणि तो बदलावा असे माझे स्पष्ट मत आहे. पण आहे तोवर खोटी क्रेडिट नोट काढणे म्हणजे न परतलेल्या मालावरचा कर कमी दाखवणे होय, आणि तपासणीत तो व्याजासह भरावा लागतो.

दुसरा मार्ग विक्री परतीचा. यात पार्टीची बाकी जाते, पण सॉफ्टवेअरच्या साठ्यात तेवढा माल वाढतो. जो माल गोदामात नाही तो विकायला उपलब्ध दिसतो, दुसऱ्याच एखाद्या पार्टीची ऑर्डर त्यावर स्वीकारली जाते आणि माल भरताना खोका सापडत नाही. साठा मोजताना एखाद्या वस्तूत कारण नसलेली तूट सतत दिसत असेल तर तिच्यामागे अशी एखादी परती निघू शकते. तिसरा मार्ग सूट दिल्याचा: उरलेली बाकी ‘सूट’ खात्यात टाकायची. त्याने साठा बिघडत नाही. मात्र सवलतींचा खर्च फुगतो, बुडीताचा आकडा लपतो आणि कुठल्या भागातली उधारी धोक्याची आहे हे मालकाला कधीच कळत नाही. सॉफ्टवेअरमध्ये बुडीतासाठी वेगळे खाते आणि वेगळा नोंदप्रकार ठेवायचा तो याचसाठी. ‘ईआरपीनेक्स्ट’सारख्या प्रणालीत तो ‘Write Off Entry’ या नावाने दिसतो. ही नोंद करण्याचा अधिकार बिले करणाऱ्या माणसाला देऊ नये आणि क्रेडिट नोटला कारण निवडल्याशिवाय ती पुढे जाऊ देऊ नये. एवढ्या दोन गोष्टी बसवल्या तरी चोरवाटा बऱ्याच बंद होतात.

आयकराची बाजू त्या मानाने सोपी झाली आहे. १९६१च्या कायद्यात कलम ३६ खाली ही वजावट मिळते. २०२५च्या नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक वेगळे आहेत. पूर्वी येणे खरोखरच बुडाले हे व्यापाऱ्याला सिद्ध करावे लागे. १ एप्रिल १९८९ पासून तरतूद बदलली, आणि टीआरएफ लिमिटेडच्या प्रकरणात २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की त्या तारखेनंतर ते सिद्ध करण्याची गरज नाही. हिशेबाच्या वह्यांत ते येणे बुडीत म्हणून काढलेले असले की पुरे. रक्कम आधी उत्पन्नात धरलेली असली पाहिजे ही अट मात्र आहे. ‘संशयित येण्यांसाठी तरतूद’ म्हणून नुसती रक्कम बाजूला ठेवली, तर साध्या व्यापाऱ्याला तिची वजावट मिळत नाही. नोंद ज्या वर्षी कराल त्या वर्षी वजावट, म्हणून मार्चची घाई.

खात्याने सिद्धता मागितली नाही म्हणून पेढीने स्वतःपुरती ती मागू नये असे मात्र नाही. मंजुरीचा खरा उपयोग इथे आहे.

बुडीत येणे काढणे ही पेढीतला एक विशिष्ट अपहार झाकण्याची फार सोयीची जागा आहे. सेल्समन पार्टीकडून रोख वसुली करतो आणि ती पेढीत भरत नाही. पार्टीच्या दृष्टीने बिल मिटले, पेढीच्या खात्यात ते थकलेले. काही महिने तो ‘पार्टी देते म्हणते’ असे सांगतो, मग ‘पार्टी बुडाली’. बाकी बुडीत म्हणून काढली की पुरावा संपला, कारण यापुढे त्या बिलासाठी कुणी पार्टीला फोन करणार नाही. म्हणून ज्या माणसाच्या हाती वसुली आहे त्याने प्रस्ताव मांडू नये, आणि प्रस्ताव मांडणाऱ्याने मंजुरी देऊ नये. सेल्समनने लेखी म्हणणे द्यावे, प्रस्ताव हिशेबनीसाने करावा, निर्णय मालकाने किंवा भागीदारांनी घ्यावा. लहान पेढीत तीन वेगळी माणसे नसतात. अशा ठिकाणी एकच गोष्ट कटाक्षाने पाळली तरी पुष्कळ होते: प्रस्ताव मंजूर होण्यापूर्वी सेल्समनला मधे न घेता पार्टीला बाकीचे पुष्टीपत्र पाठवायचे. ‘आमच्या वहीप्रमाणे आपल्याकडून अमुक बिलांपोटी इतके येणे आहे, हे बरोबर आहे का?’ पत्ता सेल्समनने दिलेला घ्यायचा नाही, जीएसटी नोंदणीवरचा घ्यायचा. पत्र स्पीड पोस्टाने पाठवायचे. ते ‘पत्ता सोडून गेले’ अशा शेऱ्यासह परत आले तर तो लिफाफा न फोडता प्रस्तावाला जोडायचा. आणि ‘मी तर पैसे दिले, ही पावती’ असे उत्तर आले तर प्रकरण बुडीत येण्याचे राहतच नाही.

आपल्या उदाहरणात पत्र परत आले. जीएसटीच्या संकेतस्थळावर कुणालाही करदात्याचा क्रमांक टाकून त्याची नोंदणी चालू आहे की रद्द, हे पाहता येते. इथे ती रद्द झालेली दिसली. त्या पानाची प्रत आणि परत आलेला लिफाफा, हे दोन कागद बहुतेक प्रस्तावांना पुरेसे असतात.

मंजुरीचे टप्पे रकमेवर ठरवतात. समजा ५०० रुपयांपर्यंतची किरकोळ बाकी हिशेबनीस स्वतः काढू शकतो, २५,००० पर्यंत एक भागीदार आणि त्यावर दोघे भागीदार. आकडे प्रत्येक पेढीने आपल्या उलाढालीप्रमाणे ठरवावेत. चूक आकड्यांत सहसा होत नाही, मोजणीत होते. सॉफ्टवेअर मर्यादा बिलावार तपासत असेल तर दीड लाखाची बाकी सात लहान नोंदींत तोडून एकाच भागीदाराच्या मंजुरीने निघून जाते. मर्यादा नेहमी पार्टीवार आणि पूर्ण आर्थिक वर्षाची मिळून मोजली गेली पाहिजे. एप्रिलमध्ये २०,००० काढले असतील तर डिसेंबरातले १०,००० हे एकूण ३०,००० धरून वरच्या टप्प्यात गेले पाहिजेत.

आणखी एक बारीक पण नेहमीची अडचण तारखांची आहे. प्रस्ताव २० मार्चला मांडला, मंजुरी २८ तारखेला आली. मधे २४ तारखेला पार्टीच्या भावाने १०,००० रुपये आणून दिले. सॉफ्टवेअरने प्रस्तावातली जुनी रक्कमच काढली तर खात्यात १०,००० रुपये उलटे उभे राहतात, म्हणजे पेढीच पार्टीचे देणे लागते असे दिसते. म्हणून नोंद होण्याच्या क्षणी बाकी पुन्हा तपासली पाहिजे आणि ती प्रस्तावातल्या रकमेशी जुळली नाही तर प्रस्ताव मागे गेला पाहिजे. शिवाय मंजुरी सॉफ्टवेअरमध्येच व्हावी. मालकाने व्हॉट्सअ‍ॅपवर यादीखाली ‘ओके’ लिहिले, याला नंतर काही अर्थ राहत नाही. त्या ‘ओके’च्या वर नक्की कुठली यादी होती यावरच वाद होतो. कंपन्यांसाठी तर १ एप्रिल २०२३ पासून बंधनच आहे की हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहिली पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये. भागीदारी आणि मालकीच्या पेढ्यांना हा नियम लागू नाही, पण ज्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये ती सोय आहे त्यांनी ती चालू ठेवावी.

मंजुरी देणाऱ्याने कागद पाहताना एक प्रश्न हटकून विचारावा: ही पार्टी थकायला लागल्यावरही तिला माल कुणी सोडला? ‘होल्ड’वर गेलेली ऑर्डर कुणीतरी अधिकार वापरून मोकळी केलेली असते आणि त्याची नोंद सॉफ्टवेअरमध्ये असते. आपल्या उदाहरणात ऑक्टोबरची ३५,४०० ची ऑर्डर गेली तेव्हा ऑगस्टच्या बिलाची ४५ दिवसांची मुदत उलटून गेली होती. मर्यादेत जागा होती म्हणून ती रक्कम पाहून थांबली नाही, आणि थकबाकीची मुदत सॉफ्टवेअर तपासतच नव्हते. हे एकदा दिसले की पुढच्या वर्षीचे बुडीत कमी करण्याचा उपाय हाती येतो: मर्यादेबरोबर मुदतही तपासायची.

नोंद झाली. १,५५,६०० खर्चात गेले. आता पार्टीच्या नोंदीकडे वळू, कारण अपुरे काम बहुतेक इथेच राहते.

कायद्याने पार्टीचे देणे संपलेले नाही. पेढीने आपल्या वहीतून ते काढले, याने देणेकरी मोकळा होत नाही. बँकांच्या निर्लेखित कर्जांच्या बातम्या वाचून कर्ज माफ झाल्याचा जो गैरसमज होतो, तोच इथेही होतो. मुदत कायद्याप्रमाणे दाव्याला साधारण तीन वर्षे असतात आणि त्या काळात देणेकऱ्याने सहीनिशी लेखी कबुली दिली तर मुदत नव्याने सुरू होते. म्हणजे मार्च २०२६ मध्ये विक्रेत्याचा दाव्याचा हक्क जिवंत आहे. अशा वेळी सॉफ्टवेअर दर महिन्याच्या एक तारखेला सर्व पार्ट्यांना आपोआप खातेउतारा पाठवते, आणि १ एप्रिलला या दुकानदारालाही पाठवते: ‘आपली बाकी: ०’. खाली पेढीचे नाव. उद्या दावा लावला तर समोरच्या वकिलाच्या हाती पहिला कागद हाच असेल. म्हणून नोंद होण्याआधी त्या पार्टीचा आपोआप जाणारा उतारा आणि संदेश बंद करावेत, आणि बुडीत रक्कम वेगळ्या वहीत, वसुलीयोग्य म्हणून, बिलवार धरून ठेवावी. ही वही ताळेबंदात येत नाही. ती फक्त कोणाकडे किती सुटले याची नोंद असते, आणि तीन वर्षांची तारीख जवळ आली की तिने आठवण करून दिली पाहिजे.

मग येते मर्यादेची गोष्ट. नोंदीपूर्वी या पार्टीला अडीच लाखांतून २,१२,४०० वजा जाऊन ३७,६०० ची जागा होती. नोंदीनंतर पूर्ण अडीच लाखांची झाली. सगळ्यांना सुचणारा उपाय म्हणजे मर्यादा शून्य करणे, आणि इथे अनेकजण फसतात. काही सॉफ्टवेअरमध्ये मर्यादेच्या रकान्यात शून्य किंवा मोकळी जागा याचा अर्थ ‘मर्यादाच नाही’ असा धरला जातो. तुम्ही दार बंद केले असे समजता आणि प्रत्यक्षात चौकट काढून टाकलेली असते. आपल्या सॉफ्टवेअरमध्ये शून्याचा अर्थ काय, हे एका चाचणी ऑर्डरने पाहून घ्यावे. शून्य चालत नसेल तर एक रुपयाची मर्यादा ठेवावी. त्याहून चांगला उपाय म्हणजे पार्टीच्या नोंदीत स्वतंत्र दर्जा ठेवणे: ‘चालू’, ‘फक्त रोख’, ‘थांबवलेली’. बुडीताची नोंद मंजूर झाली की दर्जा आपोआप ‘थांबवलेली’ व्हावा आणि तो बदलायला पुन्हा त्याच दोघा भागीदारांची मंजुरी लागावी. जिथे सॉफ्टवेअर हे आपोआप करत नाही तिथे मंजुरीच्या कागदावरच एक ओळ असावी, ‘दर्जा बदलला’, आणि तिच्यापुढे सही.

काही पेढ्या अशा पार्टीची नोंदच पुसून टाकतात किंवा नाव बदलून ‘जुनी’ करून ठेवतात. असे कधीही करू नये. नोंद पुसली तर तोच दुकानदार दोन वर्षांनी नव्या फलकाखाली आला की सॉफ्टवेअर त्याला नवी पार्टी समजते. जीएसटी क्रमांकाची रचना इथे मदतीला येते. पंधरा अक्षरांच्या त्या क्रमांकात पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्रासाठी २७ आणि गोव्यासाठी ३०, आणि पुढची दहा अक्षरे म्हणजे पॅन. नोंदणी रद्द होऊन नवी घेतली तरी मालक तोच असेल तर ही दहा अक्षरे तीच राहतात. नवी पार्टी उघडताना सॉफ्टवेअरने पूर्ण क्रमांकाऐवजी ही मधली दहा अक्षरे जुन्या यादीशी ताडून पाहावीत. पत्नीच्या किंवा मुलाच्या नावाने दुकान उघडले तर पॅन वेगळा येईल. तिथे दुकानाचा पत्ता आणि मोबाइल नंबर जुळतो का, एवढेच पाहता येते, आणि ते पाहायलाच हवे.

बुडीताचा आणखी एक परिणाम उशिरा लक्षात येतो. प्रत्येक पार्टी सरासरी किती दिवसांत पैसे देते, याचा तक्ता सॉफ्टवेअर बिल उघडल्यापासून मिटेपर्यंतचे दिवस मोजून काढते. बुडीताच्या नोंदीने मिटलेली बिले त्यात ‘भरलेली’ म्हणून जातात. थकबाकीच्या तक्त्यातला ‘१८० दिवसांवर’चा रकाना एप्रिलमध्ये अचानक हलका होतो आणि ज्या सेल्समनच्या भागात सर्वांत जास्त बुडाले त्याचीच वसुली सर्वांत सुधारलेली दिसते. त्यावर त्याचा बोनस ठरत असेल तर प्रामाणिकपणे वसुली करणाऱ्यावर तो सरळ अन्याय आहे. बुडीताच्या नोंदी वसुलीच्या आणि सरासरीच्या तक्त्यांतून वगळायला हव्यात, आणि भागवार बुडीताचा रकाना त्याच तक्त्यात शेजारी दिसायला हवा.

शेवटची पायरी बुडालेले पैसे परत येण्याची, आणि ते कधीकधी येतात. समजा नोव्हेंबरात तो दुकानदार सांगलीला आला. त्याने जमिनीचा तुकडा विकून दुसरे दुकान टाकले आहे, त्याला पुन्हा माल हवा आहे, आणि जुन्यापैकी ६०,००० त्याने बँकेत भरले. पावती करणारा मुलगा नेहमीप्रमाणे ती रक्कम पार्टीच्या खात्यात जमा करतो. मिटवायला एकही उघडे बिल नाही, म्हणून ६०,००० आगाऊ रक्कम म्हणून बसतात. पार्टीचा दर्जा नीट थांबवलेला नसेल तर आता सॉफ्टवेअर तिला मर्यादेवर आणखी ६०,००० ची मुभा देते. दुकानदाराने जुने देणे फेडण्यासाठी दिलेल्या पैशावर त्याला नवा माल मिळतो आणि जुने देणे तसेच राहते.

बरोबर पद्धत अशी: बँक नावे, ‘बुडीत येण्याची वसुली’ हे उत्पन्नाचे खाते जमा, आणि वसुलीच्या वेगळ्या वहीत ९५,६०० बाकी. पूर्वी वजावट घेतलेली असल्याने ही वसुली त्या वर्षीच्या उत्पन्नात धरून तिच्यावर कर द्यावा लागतो. पावतीवर कुठल्या बिलापोटी रक्कम आली ते लिहावे आणि उरलेल्या ९५,६०० ची सहीनिशी कबुली त्याच वेळी घ्यावी, म्हणजे दाव्याची मुदतही सांभाळली जाते. त्याला माल द्यायचा की नाही हा मालकाचा निर्णय. माझ्या मते ‘फक्त रोख’ दर्जावर द्यावा, कारण पैसे आणून देणारा माणूस पळून गेलेल्यापेक्षा वेगळा आहे. पण उधारीची मर्यादा ९५,६०० येईपर्यंत उघडू नये.

तुमच्या पेढीत हे सगळे नीट चालले आहे का, हे पाहायला दहा मिनिटे पुरतात. आजवर ज्या ज्या पार्टीचे येणे बुडीत म्हणून काढले, त्या सर्वांची यादी सॉफ्टवेअरमधून काढा आणि शेजारी आज प्रत्येकीला किती उधारीवर माल मिळू शकतो तो आकडा मागवा. तो रकाना संपूर्ण शून्य नसेल, तर यंदाची मार्चची यादी मंजूर करण्याआधी गेल्या वर्षांतल्या त्या पार्ट्यांचे दर्जे बदलून घ्या.